बीजगणिताच्या सराव पेपरातले ६० गुण: एका तक्रारीला उत्तर

★☆☆☆☆
"दहावीच्या सराव परीक्षेचा बीजगणिताचा पेपर टाइपिंगला दिला होता. हस्तलिखित व्यवस्थित होतं, गुणही लिहून दिले होते. तरी शंका विचारायला सारखे फोन. मुख्याध्यापकांनी समोरच्या गुणांची बेरीज केली तर ४० च्या पेपरात ६० भरले. टप्प्यांचे गुण पेपरात घातलेच नाहीत, ते वेगळ्या कागदावर दिले आणि वर त्याचे पैसे लावले. वर्ड फाईल शाळेच्या कॉम्प्युटरवर उघडली तर गुण ओळ सोडून खाली. गणित कळत नसेल तर असली कामं घेऊ नयेत."

मालकांचं उत्तर

सर, नमस्कार. परीक्षा होऊन गेली आहे, म्हणून आता मोकळेपणाने लिहिते. तरीही तुमच्या पेपरातला एकही प्रश्न इथे देणार नाही. उदाहरण लागेल तिथे मी स्वतः बनवलेलं देईन.

आधी मुख्याध्यापक सरांच्या बेरजेबद्दल. ती बरोबर आहे आणि पेपरही बरोबर आहे. तुम्ही बोर्डाच्या आराखड्याप्रमाणे पेपर काढला होता. त्यात पहिला प्रश्न सोडला तर सगळीकडे पर्याय आहेत. दुसऱ्यातल्या तीन कृतींपैकी दोन, पाच उपप्रश्नांपैकी चार. तिसऱ्यात दोन कृतींपैकी एक, चार उपप्रश्नांपैकी दोन. चौथ्यात तिनांपैकी दोन, पाचव्यात दोहोंपैकी एक. हस्तलिखिताच्या डोक्यावर तुम्ही लाल पेनाने लिहिलं होतं, "प्रत्येक प्रश्नासमोर गुण दाखवणे". त्यामुळे मुलगा जे उपप्रश्न सोडणार नाही त्यांच्यासमोरही गुण छापले गेले. ते सगळे आकडे उभे मिळवले की ४ + ४ + ६ + १० + ६ + १२ + १२ + ६, म्हणजे ६० होतात. यात वावगं काही नाही. पर्याय असलेल्या कुठल्याही पेपरात असंच होणार.

४० मोजायचे ते प्रश्नाच्या सूचनेसमोर, उजव्या कडेला चौकटी कंसात छापलेले गुण धरून. "खालीलपैकी कोणतेही चार उपप्रश्न सोडवा" या ओळीच्या टोकाला [8] आहे, आणि खालच्या पाचही उपप्रश्नांसमोर बिनकंसाचा, जरा लहान 2 आहे. कंसातले आकडे मिळवा: ४ + ४ + ४ + ८ + ३ + ६ + ८ + ३, झाले ४०. कंसातला आणि बिनकंसाचा असा फरक आम्ही मुद्दाम ठेवतो, कारण दोन्ही आकडे सारखेच दिसले तर मुलंही गोंधळतात. बऱ्याच शाळा फक्त कंसातले गुण छापतात आणि सूचनेत "प्रत्येकी २ गुण" एवढं लिहितात. तुम्हाला तसं हवं असेल तर तसं करून देऊ. पण मग प्रत्येक उपप्रश्नासमोर गुण दिसणार नाहीत. दोहोंतलं एकच मिळेल.

आता फोन. तुमचं अक्षर खरंच सुंदर आहे, त्यावरून एकही फोन झालेला नाही. आमच्याकडे हस्तलिखित आलं की टायपिंगला बसण्याआधी एका कोऱ्या कागदावर तीन आकडे मांडायचे असा नियम आहे: किती उपप्रश्न दिलेत, त्यांतले किती सोडवायचेत, प्रत्येकाला किती गुण. मधला आणि शेवटचा आकडा गुणला की सूचनेसमोरचे गुण आले पाहिजेत. तुमच्या प्रश्न ३ (ब) मध्ये चार उपप्रश्न होते, "कोणतेही दोन" लिहिलं होतं, प्रत्येकी ३ गुण होते, आणि कंसात मात्र ९. तसंच छापलं असतं तर पेपर ४३ गुणांचा झाला असता. ९ चे ६ करावेत की "दोन"चे "तीन", हे आम्ही ठरवायचं नसतं. बेरीज ६ कडे बोट दाखवत होती हे खरं. पण एखाद्या शिक्षकाला तिसरा उपप्रश्न हवाच असेल आणि तो दुसरीकडचे गुण कमी करणार असेल, हे आम्हाला इथे बसून कसं कळणार? पेपर काढणाऱ्याचा निर्णय टाइप करणाऱ्याने घेतला की मग ज्या भानगडी होतात त्या या धंद्यात आम्ही पुरेशा पाहिल्या आहेत.

दुसरा फोन कृतीच्या प्रश्नाचा होता. २ गुणांच्या कृतीत तुम्ही रिकाम्या चौकटी पाच ठेवल्या होत्या आणि उत्तरसूचीत प्रत्येक चौकटीला अर्धा गुण. पाच अर्धे म्हणजे अडीच. ही चूक पेपरच्या एकूण बेरजेत कधीच सापडत नाही, कारण पेपरावर सरळ "2" छापलेलं असतं. सापडते ती तपासताना, जेव्हा पाचही चौकटी बरोबर भरलेल्या मुलाचे अडीच गुण होतात. म्हणून तुम्हाला विचारलं की कोणती चौकट आधीच भरून द्यायची. तुम्ही तिसरी सांगितलीत, आम्ही भरली.

जिथे विचारायची गरज नव्हती तिथे विचारलंही नाही. तुम्ही प्रश्नात आकडे 1, 2, 3 असे लिहिता, गणिताच्या मराठी पुस्तकातही तसेच असतात. पण समासातल्या गुणांच्या नोंदी तुम्ही कधी इंग्रजी आकड्यांत करता, कधी मराठी. घाईत लिहिलेला मराठी ५ आणि इंग्रजी 4 यांत फरक करणं अवघड जातं, तसंच १ आणि 9 यांतही. प्रश्न ४ समोरचा तुमचा आकडा असाच दोन्हीकडे झुकणारा होता. ५ धरला तर कंसात १० येतात आणि पेपर ४२ चा होतो. ४ धरला तर बरोबर ४०. शिवाय उत्तरसूचीत त्याच प्रश्नाच्या टप्प्यांची बेरीज ४ होत होती. दोन वेगळ्या जागा एकच सांगत असतील तर आम्ही पुढे जातो.

त्याच सूचीत तुम्ही दीड गुण "१॥" असा जुन्या पद्धतीने लिहिला होता. आमच्याकडे टाइप करणाऱ्या हल्लीच्या मुलांना तो कधी एक आणि पूर्णविराम वाटतो, कधी एकशे अकरा. म्हणून अशा वह्या मी स्वतः वाचते आणि छापताना 1½ करते.

तिसरा फोन उत्तराच्या टप्प्यांचे गुण पेपरात छापायचे का, हे विचारायला होता. तुम्ही तेव्हा वर्गावर होता. "विद्यार्थ्यांच्या पेपरात जे असतं तेच ठेवा" एवढं म्हणून फोन ठेवलात. तो सल्ला योग्यच होता, कसा ते सांगते. समजा ४ गुणांचा असा प्रश्न आहे: दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज 9 आहे, अंकांची अदलाबदल केली तर संख्या 27 ने वाढते, मूळ संख्या काढा. दशकाचा अंक x आणि एककाचा y मानला तर उत्तरसूची अशी होईल:

```
x + y = 9                           1
(10y + x) − (10x + y) = 27
  म्हणजे y − x = 3                  1
सोडवून y = 6, x = 3                 1½
मूळ संख्या 36                       ½
```

एकूण ४. आता हे "1 + 1 + 1½ + ½" पेपरात प्रश्नासमोर छापलं तर काय होईल? दोन समीकरणं मांडायची आहेत, हे हुशार मुलगा प्रश्न वाचायच्या आधीच समासावरून ओळखेल. या प्रश्नात खरी परीक्षा मांडणीचीच असते, सोडवणं त्यामानाने सोपं. टप्प्यांचे गुण तपासणाऱ्या शिक्षकासाठी असतात. एकाच पेपरचे गठ्ठे दोन-तीन शिक्षकांकडे गेले आणि एकाने उत्तर चुकलं म्हणून शून्य दिला, दुसऱ्याने मांडणीचे दोन दिले, असं होऊ नये म्हणून. मुलांच्या पेपरात प्रश्नाचे एकूण गुण, शिक्षकांच्या कागदावर टप्पे. त्यामुळे तो कागद वेगळा केला आणि पाकीटही वेगळं दिलं, कारण उत्तरसूची पेपरच्या गठ्ठ्यात चुकून गेली तर सगळंच मुसळ केरात.

पैसे त्याच पानांचे आहेत. कामाच्या पावतीवर "प्रश्नपत्रिका" आणि "उत्तरसूची, टप्पे गुणांसह" अशा दोन ओळी आहेत आणि खाली तुमची सही आहे. गणिताच्या उत्तरसूचीला पेपरापेक्षा जास्त वेळ लागतो. अपूर्णांक, मूळचिन्हं, समीकरणाची बरोबरची चिन्हं एकाखाली एक, हे सगळं साध्या मजकुरासारखं वाहत नाही.

वर्ड फाईलचं कारण वेगळं आहे. गुण उजव्या कडेला आणायला आम्ही स्पेसबार दाबत नाही. ए-फोर पानाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर समास सोडला की ओळ सतरा सेंटिमीटरची राहते, आणि त्या सतराव्या सेंटिमीटरवर उजवा टॅब लावतो. आकडा तिथेच टेकतो. पण शाळेच्या मशीनवर आमचा फॉन्ट नसेल तर वर्ड त्याच्या जागी दुसरा घालतो. तो रुंद असला की प्रश्नाची ओळ सतरापर्यंत भरते आणि गुणांना जागाच उरत नाही, ते पुढच्या ओळीत उतरतात. म्हणून छपाईसाठी पीडीएफ देतो, त्यात फॉन्ट आतच असतो. वर्ड फाईल फक्त पुढे दुरुस्ती करायची झाली तर. तुम्हाला दोन्ही फाईली एकाच मेलमध्ये पाठवल्या होत्या, आणि कोणती छापायची हे मेलच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. वर्डमधूनच छापायचं असेल तर फाईल उघडून प्रश्नाचा मजकूर निवडा आणि फॉन्ट मंगल करा. तरीही गुण खाली गेले तर अक्षराचा आकार एकाने कमी करा, ते परत वर येतील.

दुसऱ्या सराव परीक्षेचा भूमितीचा पेपर आमच्याकडे द्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. दिलात तर आकृत्या वेगळ्या कागदावर पेन्सिलीने काढून द्या आणि प्रत्येकीवर प्रश्नाचा क्रमांक टाका. समासातले गुण एकाच प्रकारच्या आकड्यांत लिहा. आणि फोन कधी केलेला चालेल ती तासिका हस्तलिखिताच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, म्हणजे वर्गात व्यत्यय येणार नाही.