घेवड्याची वेल, फोन आणि दोन मिनिटांचं अंतर

«फोनमध्ये टाइमलॅप्स मोड असतोच. फोन कुंडीसमोर कशालाही टेकवा, बटण दाबा आणि विसरून जा. झाड वाढतानाचा व्हिडिओ आपोआप तयार होतो. थोडा हलला तरी नंतर ॲपमध्ये स्थिर करता येतो.»

असा सल्ला सर्रास मिळतो, पण वेलीसाठी तो पुरत नाही. आधी मोडबद्दल. तो ढग, रहदारी, सूर्यास्त यांच्यासाठी ठीक आहे. आयफोनवर तर दोन फ्रेममधल्या वेळाचं अंतर तुमच्या हातात नसतंच. फोन सेकंदाला दोन फ्रेमने सुरुवात करतो आणि चित्रण लांबेल तसं ते अंतर दुप्पट करत जातो, म्हणजे व्हिडिओ साधारण २० ते ४० सेकंदांत बसतो. चित्रण मध्येच थांबलं, तर आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांचे वेग जुळत नाहीत. म्हणून ठरलेल्या वेळाने सुटे फोटो काढणारं इंटरव्हल ॲप घ्या.

आता अंतर किती? बहुतेक जण एकूण काळाला हव्या त्या फ्रेमनी भागतात. पाच दिवस, दहा मिनिटांनी एक फोटो, म्हणजे ७२० फोटो. सेकंदाला ३० फ्रेमने २४ सेकंद. हिशेब बरोबर, पण घेवड्याच्या वेलीचा शेंडा आधार शोधताना सुमारे दोन तासांत एक गोल फेरा घेतो. दहा मिनिटांच्या अंतराने त्या फेऱ्याला बारा फ्रेम मिळतात आणि तो अर्ध्या सेकंदाच्या आत संपतो. डोळ्यांना नुसते झटके दिसतात. दोन मिनिटांचं अंतर ठेवलं तर साठ फ्रेम, दोन सेकंदांचा सुरेख फेरा. म्हणजे अंतर ठरवायचं ते सर्वांत वेगवान हालचालीवरून. पाच दिवसांचे ३,६०० फोटो होतील, त्यासाठी जागा मोकळी ठेवा. जास्तीच्या फ्रेम नंतर काढता येतात, न काढलेल्या परत मिळत नाहीत.

सर्वांत मोठं नुकसान होतं ते टेकवून ठेवण्यात. स्थिर करणारं ॲप चित्रातल्या खुणा जुळवून चौकट सरकवतं. इथे चौकटभर वेलच हलत असते, त्यामुळे ॲप पानालाच स्थिर धरू शकतं आणि मग कुंडी डोलायला लागते. शिवाय फोन जवळून बाजूला सरकला, की पुढचं खोड मागच्या भिंतीपेक्षा जास्त सरकतं. ही चूक चौकट कापून सुधारत नाही.

फोन क्लॅम्पमध्ये पक्का धरा आणि क्लॅम्प व कुंडी एकाच जड फळीवर ठेवा; धक्का लागला तरी दोन्ही एकत्र हलतात. चार्जिंगची वायर क्लॅम्पच्या दांड्याला बांधा, नाहीतर तिचा ताण फोनला हळूहळू वाकवतो. कुंडी न उचलता नळीने पाणी घाला. फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, पडदा ओढून वरून एकच दिवा ठेवा. खिडकीचा प्रकाश आत आला तर चित्र लुकलुकतं आणि वेलही तिकडे वाकते.

सुरुवातीला तासभर फोटो काढू द्या, मग पहिला आणि शेवटचा फोटो आलटून पालटून पाहा. कुंडीची कड जराही सरकलेली दिसली, तर बांधणी सैल आहे.