तीन हजारांचा लॉट आणि ‘लिमिटेड’ रिस्क

‘ऑप्शन बायिंगमध्ये रिस्क लिमिटेड असते. एक्स्पायरीच्या दिवशी तीन हजारांत निफ्टीचा लॉट मिळतो, गेला तर तेवढाच जाणार, आला तर तिप्पट-चौपट. वर स्टॉपलॉस आहेच. छोट्या भांडवलवाल्याला याहून सुरक्षित काय?’ असं अनेकजण म्हणतात.

तीन हजार ही रक्कम लहान दिसते, म्हणूनच गर्दी होते. एक्स्पायरी, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याचा दिवस, जवळ आली की ऑप्शनमध्ये वेळेची किंमत फारशी उरत नाही, प्रीमियम म्हणजे ऑप्शनचा भाव स्वस्त होतो आणि निकाल त्याच दिवशी लागतो. शेअर घेऊन वर्षभर थांबायला ज्याच्याकडे पैसा नाही, त्याला हे दार उघडं दिसतं. पण त्या तीन हजारांमागे काय उभं असतं ते पाहा.

2025 च्या सप्टेंबरपासून निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी मंगळवारी आली, तेव्हा लॉट 75 चा होता. समजा, मंगळवारी सकाळी निफ्टी 25,000 वर आहे आणि तुम्ही 25,050 चा कॉल, म्हणजे निफ्टी 25,050 च्या वर गेला तर पैसे देणारा ऑप्शन, 40 रुपयांना घेतलात. गुंतले 3,000 रुपये, पण सौदा 18 लाख 75 हजारांच्या निर्देशांकावर आहे. निफ्टी फक्त 25 अंक, म्हणजे 0.1 टक्का, खाली आला की प्रीमियम साधारण आठ-नऊ रुपयांनी उतरतो. निर्देशांकात ज्याला कुणी हालचालही म्हणणार नाही, त्यात तुमचे वीस टक्के गेले. लिव्हरेज म्हणतात ते हेच.

आता निफ्टी घसरलाच नाही असं धरू. दुपारी दोनला तो पुन्हा 25,000 वरच आहे. तोवर तुमचा 40 चा कॉल साधारण 12 रुपयांवर आलेला असतो आणि तीन वाजता दोन-तीन रुपयांवर. हे आकडे त्या दिवशीच्या व्होलॅटिलिटीप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील, पण दिशा तीच. आणि शेवटी निफ्टी 40 अंक वर जाऊन 25,040 ला सेटल झाला तर? तुमचा अंदाज बरोबर ठरला, पण हातात शून्य. शेवटपर्यंत धरलेला सौदा खर्च सोडून बरोबरीत यायला 25,090 हवा होता. मला सगळ्यात जास्त कळकळ वाटते ती इथे: मार्केट कळूनही माणूस हरतो, मग आपलं वाचन चुकलं असं समजून पुढच्या वेळी आणखी मोठा लॉट घेतो.

‘तेवढाच जाणार’ हे एका सौद्यापुरतं खरं आहे. पण तीन हजार गेल्यावर स्क्रीन बंद करणारे फार थोडे. दुपारी स्ट्राइक बदलून पुन्हा एंट्री होते आणि गुरुवारी सेन्सेक्सची एक्स्पायरी असतेच. दिवसाला तीन एंट्री, आठवड्याला दोन एक्स्पायरी धरल्या तर जोखीम 18,000 ची झाली, तीही दर आठवड्याला. त्यात डिस्काउंट ब्रोकरची येता-जाता वीस-वीस रुपये ब्रोकरेज, त्यावर जीएसटी, एसटीटी. एका फेरीला पन्नासच्या वर जातात, म्हणजे 3,000 वर पावणेदोन टक्के, नफा होवो वा तोटा. सेबीच्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला, सरासरी दोन लाखांच्या आसपास. असा आकडा एका सौद्यात होत नाही, तो साचत जातो.

स्टॉपलॉसचं म्हणाल तर 2021 पासून एनएसईवर ऑप्शनमध्ये एसएल-एम, म्हणजे ट्रिगर लागताच मिळेल त्या भावाला विकणारी ऑर्डर, चालत नाही. ट्रिगरसोबत लिमिट द्यावी लागते. तुम्ही ट्रिगर 30, लिमिट 29 ठेवलीत आणि भाव एका झटक्यात 31 वरून 24 वर आला, तर ट्रिगर लागतो पण 29 ला घेणारा नसतो. ऑर्डर पेंडिंगच राहते आणि खाली भाव उतरत असतो. एक्स्पायरीच्या दुपारी असे झटके वारंवार येतात. ऑर्डर बुकात ती ओळ ‘पेंडिंग’ दिसली की स्टॉपलॉस लागला नाही हे ओळखायचं. लिमिट ट्रिगरपासून लांब ठेवली तर सुटका होते, पण तोटा ठरवल्यापेक्षा मोठा येतो.

मग विकणाऱ्याच्या बाजूला जावं, असा सल्ला लगेच येतो. तिथे मार्जिन लाखाच्या वर लागतं आणि तोट्याला मर्यादाच नसते. 3 जून 2024 ला निफ्टी 23,264 च्या आसपास बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी, निवडणूक निकालाच्या धक्क्याने, 21,884 वर आला. आदल्या दिवशी साडेसातशे अंकांहून खाली असलेला 22,500 चा पुट, म्हणजे निफ्टी त्याच्या खाली गेला तर घेणाऱ्याला पैसे देणारा ऑप्शन, ज्याने ‘इतका कशाला पडेल’ म्हणून विकला, तो बंदभावाला 616 अंक आत गेला होता. 75 च्या लॉटवर हिशोब केला तर 46,200 रुपयांचा फटका, एका लॉटमागे, एका दिवसात; त्यातून मिळालेला प्रीमियम तेवढा वजा.