बीप आली नाही म्हणून मशीन बंद पडलं असं नाही

वाचकाची प्रतिक्रिया: "डेबियन इन्स्टॉल करायला डोळसाची मदत लागत नाही, `s` दाबा आणि एंटर, असं तुम्ही लिहिलंत. मी दोन लॅपटॉपवर करून बघितलं. ना बीप, ना आवाज. शेवटी भावाला बोलवलं. एकावर मेनू तसाच उघडा होता, दुसऱ्यावर इन्स्टॉलर मुकाट्याने प्रश्न विचारत बसला होता. आणि कमी दिसणाऱ्यांसाठी भिंग कुठे आहे? अर्धवट लिहू नका."

उत्तर:

मेनू तयार झाला की बीप येते, एवढंच मी लिहिलं होतं; ते अपुरं होतं, हे मान्य. ती बीप साउंड कार्डातून येत नाही, मदरबोर्डच्या जुन्या पद्धतीच्या स्पीकरमधून येते. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो स्पीकर नसतोच. त्यामुळे बीप आली तर मेनू तयार आहे एवढं कळतं, न आल्यास काहीच कळत नाही.

भावाने सांगितलेल्या दोन स्थिती मात्र वेगवेगळ्या आहेत आणि दोघींची कारणंही निराळी.

पहिल्या लॅपटॉपवर मेनू उघडाच राहिला, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं बोलकं इन्स्टॉलेशन सुरू करणारा तुमचा `s` बहुधा मेनू यायच्या आधीच पडला आणि वाया गेला. मेनूला 30 सेकंद कुणी हात लावला नाही, तर बोलकं इन्स्टॉलेशन आपोआप सुरू होतं. पण मधे एखादी कळ दाबली गेली की ती मोजणी थांबते आणि मेनू वाट बघत बसतो. ऐकू येत नाही म्हणून आपण चाचपडत बाण, स्पेस असं काहीतरी दाबतो, आणि नेमकं तिथेच अडतं. म्हणून पेन ड्राइव्हवरून बूट झाल्यावर कीबोर्डवरून हात काढून घ्या आणि दोन मिनिटं थांबा. तरीही शांतता असेल तर एकदाच `s` आणि एंटर, मग पुन्हा थांबा. पेन ड्राइव्हवरून बूट होण्याआधीचा बायोसचा पडदा मात्र मुकाच असतो. तिथे बूटचा क्रम बदलायचा असेल तर डोळस माणूस किंवा पडदा वाचून दाखवणारं फोनवरचं अॅप लागतं. ही अट मूळ लेखात हवी होती.

दुसऱ्या लॅपटॉपवर इन्स्टॉलर चालू होता, पण आवाज भलतीकडे गेला असावा. लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा दोन साउंड कार्डं दिसतात: एक स्पीकरचं, दुसरं एचडीएमआयचं. एकाहून जास्त कार्डं सापडली की इन्स्टॉलर प्रत्येकावर पाळीपाळीने बोलतो आणि ज्यावर ऐकू येईल तिथे एंटर दाबायला सांगतो. एचडीएमआयची पाळी चालू असताना तुम्ही अधीर होऊन एंटर दाबलं, तर तेच कार्ड कायम होतं आणि पुढचं सगळं बोलणं बंद टीव्हीच्या केबलमध्ये जातं. म्हणून `s` नंतरचं ते एक एंटर सोडलं, तर आवाज कानावर पडेपर्यंत एंटरला हात लावायचा नाही. चुकून दाबलंच तर मशीन बंद करून पहिल्यापासून सुरू करा. डिस्कवर अजून काहीही लिहिलेलं नसतं.

कितीही थांबलं तरी आवाज येत नसेल, तर फर्मवेअरचा संशय घ्या. अलीकडच्या अनेक इंटेल लॅपटॉपचं साउंड कार्ड वेगळी फर्मवेअर फाइल मिळाल्याशिवाय बोलत नाही. डेबियन 11 पर्यंतच्या अधिकृत इमेजमध्ये मालकी हक्काचं फर्मवेअर नसे; 2023 च्या डेबियन 12 पासून ते असतं. जुनी इमेज असेल तर आधी ती बदला. तरीही जमलं नाही तर साधा यूएसबी हेडफोन बूट करण्याआधीच लावा. त्याला सहसा वेगळं फर्मवेअर लागत नाही. माझ्या मते हा हेडफोन पेन ड्राइव्हच्या जोडीने कायम पिशवीत असावा.

आवाज सुरू झाल्यावर भाषेचा प्रश्न इंग्रजीत येतो. पर्यायांना क्रमांक असतात. क्रमांक टाइप करून एंटर. प्रत्येक वेळी शेवटी अशी ओळ ऐकू येते:

```
Prompt: '?' for help, default=1>
```

नुसतं एंटर म्हणजे ठरलेला पर्याय, आणि `<` म्हणजे मागे. डिस्कवर बदल लिहायचे का, या प्रश्नाला ठरलेलं उत्तर "नाही" असतं. सवयीने एंटर दाबत गेलात तर पार्टिशन होत नाही आणि तुम्ही मागे फेकले जाता. तिथे "होय"चा क्रमांक ऐकून तोच टाइप करावा लागतो. पासवर्डची अक्षरं बोलून दाखवली जात नाहीत, तो बिघाड समजू नका.

भिंगाबद्दल तुमचं बरोबर आहे. माऊसमागे फिरणारं भिंग या इन्स्टॉलरमध्ये नाही. ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबलं की अक्षरं मोठी होत जातात, उणेने लहान. काळ्या पार्श्वभूमीचा गडद मेनू हवा असेल तर सुरुवातीला `d` आणि एंटर. फक्त तो सुरुवातीचा मेनू बारीकच असतो, आणि तुम्ही तो सावकाश वाचत असताना 30 सेकंद संपले की बोलकं इन्स्टॉलेशन सुरू होतं. इथे मात्र खाली जाणारा बाण मुद्दाम एकदा दाबा, मोजणी थांबेल. म्हणजे जी कळ तुमची अडचण झाली, तीच कमी दिसणाऱ्याच्या कामाची.

मूळ लेखातलं बीपचं वाक्य बदलतो आहे, आणि एंटर घाईने न दाबण्याची सूचना पहिल्या परिच्छेदात आणतो. तुमच्या भावाने बघितलेला दुसरा लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला होता का, तेवढं कळवा.