चार किलो कशाचे?

टपरीवर समोर बसून मित्र अभिमानाने सांगतो, "आठवड्यात चार किलो उतरवले!" हातात बिनसाखरेचा चहा, दिवसभरात पोटात दुसरं जवळपास काही नाही. उठताना टेबलाला धरून उभा राहिला, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणे. आणि मी अभिनंदन करायचं?

अरे लेका, चार किलो कशाचे? एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. रोज 1,000 कॅलरी कमी खाल्ल्यास, तरी आठवड्यात किलोभरही चरबी जात नाही. मग बाकीचं काय गेलं? पाणी! यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. उपाशी राहिलास की आधी हा साठा संपतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. दोन दिवस नीट जेव, काटा परत वर!

"पण पँट सैल झाली ना," म्हणतो. होणारच, पोट रिकामं आहे! आणि असंच रेटलंस तर स्नायू झिजतील, पित्ताशयात खडेही होऊ शकतात. ते कोण निस्तरणार?

दर वेळी हेच. नवीन डाएट, तोच काटा, तीच चक्कर. डॉक्टरांना विचारलंस का, तर "त्यांना काय कळतं!" मग काट्याला तरी काय कळतं रे? पाणी गेलं की चरबी, ते सांगतो का तो?