मित्रांची थिअरी निघाली, तुमची राहिली: घरी नुसतं "नापास" सांगू नका

इथे ब्रिटनमधल्या मराठी घरांत ड्रायव्हिंग लायसन्सच्या थिअरी टेस्टचा निकाल एकट्याचा राहत नाही. बरोबरीची मुलं पासचं पत्र ग्रुपवर टाकतात, तो फोटो आयांच्या ग्रुपवर पोचतो आणि संध्याकाळी जेवताना प्रश्न येतो, "सगळ्यांची झाली, तुझंच कुठे अडलं?" या प्रश्नामागे बहुतेक वेळा काळजीच असते. पण त्यावर "नापास झालो" एवढंच उत्तर दिलं, तर बोलणं आळस, मोबाईल आणि शेजारच्या मुलाची हुशारी या वळणावर जाणार हे ठरलेलं. म्हणून माझं ठाम मत आहे की घरी दोन आकडे सांगायचे. ते सेंटरवर मिळालेल्या पत्रातच असतात.

टेस्टचे भाग दोन. पहिल्यात ५० प्रश्न, ५७ मिनिटं, पास व्हायला ४३ बरोबर हवेत. दुसऱ्यात, म्हणजे रस्त्यावरचा धोका वेळीच ओळखून क्लिक करायच्या हॅझर्ड परसेप्शनमध्ये, १४ व्हिडिओ क्लिप आणि एकूण ७५ गुण, त्यांतले ४४ हवेत. दोन्ही भाग एकाच बैठकीत पार करावे लागतात. एकातले जास्तीचे गुण दुसऱ्याच्या मदतीला येत नाहीत.

आता हे बघा. एका मुलीला प्रश्नांत ४६ आणि क्लिपमध्ये ४१ गुण मिळाले. तिच्या मैत्रिणीला ४३ आणि ४४. बेरीज दोघींची ८७च. मैत्रीण पास, ही नापास. हायवे कोड हिला मैत्रिणीपेक्षा जास्त येतो, पण घरी तिला ऐकावं लागतं की "अभ्यासच केला नाहीस". खरं तर ती ७५ पैकी तीन गुणांनी राहिली, आणि तेही अशा भागात जिथे पाठांतराचा काहीच उपयोग नाही. तिने आईला एवढंच सांगावं: "प्रश्नांचा भाग निघाला, ४६ आले. क्लिपमध्ये ४४ हवे होते, ४१ आले. आता रोज अर्धा तास क्लिपच करणार आहे." यातल्या शेवटच्या वाक्याला फार महत्त्व आहे. पुढे काय करायचं ते आपणहून सांगितलं की आईबाबांना उपदेश करायला जागा कमी उरते, आणि पुढच्या आठवड्यात विचारायला नेमकं काहीतरी मिळतं.

क्लिपमधले गुण जातात कसे, हे घरच्यांनीही समजून घ्यावं, म्हणजे "नुसतं क्लिक तर करायचं होतं" हे वाक्य तोंडातून निघणार नाही. समजा रस्त्याच्या कडेला गाडी उभी आहे. ती नुसती उभी असेपर्यंत गुण नाहीत. तिचा इंडिकेटर लागला, पुढचं चाक वळलं आणि ती बाहेर येऊ लागली, म्हणजे आता आपल्याला वेग कमी करावा लागणार, की तिथून गुणांची खिडकी उघडते. लगेच क्लिक केलं तर ५, उशीर होत जाईल तसे ४, ३, २, १ आणि मग शून्य. ज्याची नजर तयार आहे तो गाडीत बसलेला ड्रायव्हर बघूनच क्लिक करतो. खिडकी तेव्हा उघडलेलीच नसते. मग आपलं काम झालं समजून तो पुन्हा क्लिक करत नाही आणि शून्य घेऊन बसतो. घाबरून एका लयीत टकटक क्लिक करत राहिलं, तर संगणक ती क्लिप बाद धरून शून्य देतो. मला पटलेला उपाय साधा आहे: शंका आली की एक क्लिक, धोका खरंच आकार घेऊ लागला की दुसरं, आणि तो वाढताना तिसरं.

गाडं प्रश्नांच्या भागात अडलं असेल तर कारण बहुतेक वेगळं असतं. सराव अ‍ॅपवर तेच प्रश्न फिरून येतात, उत्तर नजरेने ओळखता येतं आणि ४८-४९ मिळायला लागतात. टेस्टमध्ये तोच मुद्दा वेगळ्या शब्दांत येतो आणि गडबड होते. ताशी ३० मैलांना थांबायला एकूण २३ मीटर लागतात हे पाठ असतं, पण ओल्या रस्त्यावर हे अंतर निदान दुप्पट धरायचं हे त्या आकड्याशी जोडलेलं नसतं.

शरमेचं सगळ्यात महागडं काम म्हणजे ती पुढची तारीख ठरवते. पुन्हा टेस्ट द्यायला किमान तीन कामाचे दिवस जावे लागतात, आणि कुणाला कळायच्या आत उरकू म्हणून बरेच जण मिळेल ती पहिली तारीख धरतात. २३ पौंड पुन्हा जातात, तयारी तीच असते. शिवाय दोन्ही भाग नव्याने द्यावे लागतात. नुसत्या क्लिप घोकल्या तर मागच्या वेळी निघालेला प्रश्नांचा भाग या वेळी पडू शकतो. मी असं म्हणेन की आधी न पाहिलेल्या सराव टेस्टमध्ये सलग तीनदा ४७ च्या वर, आणि नव्या क्लिपमध्ये ५५ च्या आसपास येऊ लागले की मगच बुकिंग करा. ते सरकारी साइटवरूनच. "पास करून देतो" म्हणणाऱ्याच्या किंवा तुमच्या जागी दुसऱ्याला बसवणाऱ्याच्या नादी अजिबात लागू नका, तो सरळ गुन्हा आहे. ती तारीख घरात एकाच माणसाला सांगितली तरी चालतं. अख्ख्या ग्रुपला माहीत असलेली तारीख आदल्या रात्री झोप उडवते.

आईबाबांना एक विनंती. मित्र पुढे गेला म्हणजे आपलं मूल मागे पडलं, हा हिशोब इथे नीट बसत नाही. थिअरीचं सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं, तेवढ्यात प्रॅक्टिकल निघालं नाही तर थिअरी पुन्हा द्यावी लागते. मित्राला प्रॅक्टिकलची तारीख आधी घेता येईल एवढं खरं. पण थिअरी राहिली म्हणून गाडी शिकणं थांबत नाही, शिकाऊ म्हणजे प्रोव्हिजनल लायसन्सवर लेसन चालू ठेवता येतात. ते शिक्षा म्हणून बंद करू नका. रस्त्यावर तासभर चालवताना प्रशिक्षकाने "पुढे काय होऊ शकतं ते बोलत राहा" म्हटलं, तर तोच हॅझर्डचा सराव होतो. आणि कितव्या खेपेला थिअरी निघाली हे लायसन्सवर कुठेच छापलं जात नाही.

भारतातून आलेल्यांचं दुखणं याहून वेगळं. "तिकडे दहा वर्षं चालवलीस आणि इथे साधी थिअरी निघेना?" हे नवरा, दीर, सासू, कुणीही म्हणतं. वर सांगितलेली घाईच्या क्लिकची चूक नेमकी अशाच सरावलेल्या हातांकडून जास्त होते. पण त्यांना एक खरी मुदत आहे: इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच भारतीय लायसन्सवर चालवता येतं. त्यानंतर इथलं पूर्ण लायसन्स मिळेपर्यंत प्रोव्हिजनल, एल प्लेट, आणि शेजारी किमान २१ वर्षांचा, तीन वर्षांपासून लायसन्स असलेला माणूस लागतो. नापास झाल्याचं घरात लपवलं तर मुलांची शाळा आणि कामाच्या वेळा तुम्ही एकटीने चालवणार हे गृहीत धरूनच आखल्या जातात. म्हणून ती १२ महिन्यांची तारीख आणि पत्रातले दोन्ही आकडे त्याच संध्याकाळी नवऱ्यासमोर ठेवा, म्हणजे मुदत संपल्यावर मुलांना कोण सोडणार हे आत्ताच ठरवता येईल.