अंड्याची हिरवी कड आणि ग्रुपवर फिरणारा तो मेसेज

"उकडलेल्या अंड्यात पिवळ्याभोवती हिरवी-काळी कड दिसली तर ते अंडं खाऊ नका. ते शिळं असतं नाहीतर कोंबडीला इंजेक्शन दिलेलं असतं, तेच केमिकल कडेला जमतं आणि पोटात विष होतं. गावठी अंड्याला अशी कड कधीच येत नाही. उकडताना पाण्यात मीठ टाका म्हणजे धोका नाही. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

आधी विषाचं बघू, कारण लोक घाबरून अंडी टाकून देतात ती त्यामुळेच. अंड्याच्या पांढऱ्यात जी प्रथिनं असतात त्यात गंधक असतो, आणि पांढरं जास्त वेळ तापलं की त्यातून थोडा हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, जास्त उकडलेलं अंडं सोलताना जो वास येतो ना, तो हाच. बलकात लोह असतं. उकडताना अंडं बाहेरून गरम आणि आतून थंड असतं, त्यामुळे वायू आत सरकतो आणि बलकाच्या पृष्ठभागावर त्याची लोहाशी गाठ पडली की आयर्न सल्फाइड तयार होतं. ते काळपट असतं, पिवळ्यावर पातळ थर बसला की आपल्याला हिरवट-राखाडी दिसतं. एवढ्याशा थराने काही होत नाही, फार तर चव जरा उग्र लागते आणि बलक कोरडा होतो.

आता इंजेक्शन. बाहेरून काही दिलेलं असतं तर ते नेमकं बलकाच्या कडेलाच का जमेल, आणि उकडायच्या वेळेप्रमाणे कमी-जास्त का होईल? मी एकाच ट्रेमधली सहा अंडी एकाच पातेल्यात उकडली. पाण्याला उकळी आल्यावर अंडी सोडली, १० मिनिटांनी तीन काढून बर्फाच्या पाण्यात टाकली, उरलेली तीन अजून १० मिनिटं उकळत ठेवली आणि मग गॅस बंद करून त्याच गरम पाण्यात अर्धा तास विसरल्यासारखी सोडून दिली. पहिली तीन कापली तर बलक स्वच्छ पिवळा, दुसऱ्या तिन्हींना जाड हिरवी कड. दुकान तेच, दिवस तोच, फरक फक्त वेळेचा.

आपल्याकडे कड जास्त दिसते त्यात कुकरचा हात मोठा आहे. कुकरमध्ये पाणी १०० अंशांच्या बरंच वर जातं, त्यात तीन शिट्ट्या झाल्या की आपण प्रेशर आपोआप जाईपर्यंत झाकण उघडत नाही, म्हणजे गॅस बंद केल्यावरही अंडी आत शिजतच राहतात. पातेल्यात उकडा. खोलीच्या तापमानाचं मध्यम अंडं उकळत्या पाण्यात टाकलं की ९ ते १० मिनिटांत बलक पूर्ण घट्ट होतो, फ्रिजमधलं थेट टाकलं तर एक-दोन मिनिटं जास्त (तडकायची शक्यताही जास्त, म्हणून आधी बाहेर काढून ठेवलेलं बरं).

आणि गार करणं हा अर्धा भाग आहे, लोक तोच सोडतात. नळाखाली दोन सेकंद धरलं की कवच गार लागतं पण आत उष्णता तशीच असते. अंडी भरपूर गार पाण्यात बुडवा, पाणी कोमट झालं की बदला, बर्फ असेल तर उत्तम, आणि ८-१० मिनिटं राहू द्या. यात दोन कामं होतात, शिजणं थांबतं आणि बाहेरचा पांढरा भाग पटकन थंड झाल्याने वायू आत बलकाकडे जायच्याऐवजी बाहेरच्या बाजूला ओढला जातो. हातात घेतल्यावर जराही ऊब लागत नसेल तर झालं.

शिळेपणाच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. अंडं जुनं होत जातं तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड कवचाच्या छिद्रांतून निघून जातो आणि पांढरं जास्त अल्कधर्मी होतं, मग वायू सहज सुटतो आणि कड लवकर येते. पण म्हणून कड दिसली की अंडं खराब, असं नाही होत, ताजं अंडंही २५ मिनिटं उकळलं तर हिरवं पडणारच. कुजलेलं अंडं कड बघून नाही, फोडल्यावर वासाने कळतं.

गावठीच्या पांढऱ्यातही गंधक आहे आणि बलकात लोह आहे, तेही जास्त उकडलं की कड येतेच. मिठाने कड थांबत नाही, तडकलेल्या अंड्यातून बाहेर येणारं पांढरं जरा लवकर गोठतं एवढंच.

आणि हो, अंडाकरी करताना सगळं नीट करूनही कड आली असं कोणी म्हणेल. उकडलेली अंडी परत रश्श्यात २० मिनिटं खळखळ उकळली तर कसं व्हायचं? रस्सा आधी पूर्ण शिजवा, अंडी शेवटी सोडा आणि ३-४ मिनिटांत गॅस बंद करा.