टॉवेलासोबत फ्लीसचं जॅकेट धुणाऱ्यांनो, हात जोडतो

थंडी सुरू झाली की आमच्या घरात माझं डोकं तापायला सुरुवात होते. कारण एकच, वॉशिंग मशीन. माझा धाकटा भाऊ रविवारी सकाळी घरातले सगळे टॉवेल, दोन जीन्स, मोजे आणि वर माझं निळं फ्लीसचं जॅकेट असं सगळं एकाच ड्रममध्ये कोंबतो, दोन झाकणं पावडर ओततो, बटण दाबतो आणि तर्री पोहे खायला निघून जातो. विचारलं तर म्हणतो, ''अबे दादा, मशीनले काय समजते? कपडेच तं आहेत सगळे!''

मशीनला समजत नाही, हे बरोबर आहे. म्हणूनच धुणाऱ्याला समजलं पाहिजे ना!

फ्लीस दिसतं लोकरीसारखं, पण असतं बहुतेक वेळा पॉलिस्टर. कापड आधी विणतात आणि मग बारीक तारांच्या ब्रशने त्याचे तंतू ओढून वर काढतात, म्हणून ते मऊ आणि फुगीर लागतं. ते उभे तंतू कशावर तरी घासले गेले की आपसात गुंततात आणि गोळी होते. सुती कापडाला गोळ्या आल्या तर काही दिवसांत तुटून गळूनही जातात. पॉलिस्टरचा तंतू मजबूत. त्यामुळे गोळी एकदा बसली की मुक्काम ठोकूनच बसते. आता अशा कापडाला तासभर ओल्या जीन्सवर, तिच्या पितळी बटणावर आणि खरबरीत टॉवेलांवर घासलं तर दुसरं काय होणार?

एका रविवारी जॅकेट बाहेर आलं तेव्हा त्यावर पांढरा कापूस पिंजल्यासारखा दिसत होता. भाऊ लगेच म्हणाला, ''पाहा, तुझ्या जॅकेटचाच माल खराब आहे.'' इथे मला खरा संताप आला, कारण लोकांना दोन वेगळ्या गोष्टींतला फरकच कळत नाही. ओला हात एकाच दिशेने फिरवला आणि जे हाताला चिकटून आलं, तो टॉवेलाचा कचरा. जे हलत नाही, चिमटीत धरून ओढलं की खालचं कापडही तंबूसारखं वर येतं, ती गोळी. माझ्या जॅकेटच्या छातीवर आणि पाठीवर होता कचरा. काखेत, मनगटाच्या कडेला आणि बॅगेचा पट्टा जिथे रोज घासतो त्या उजव्या खांद्यावर होत्या गोळ्या. म्हणजे त्यातल्या काही वापराच्या होत्या, मान्य. पण पोटावर चेनच्या दोन्ही बाजूंना नवीन आलेल्या गोळ्यांचं काय? चेन उघडी ठेवून धुतल्याचं फळ! उघड्या चेनचे दात ड्रममध्ये गरागरा फिरतात आणि समोर येईल त्या कापडाला ओरबाडतात.

आणि मग आई टीव्हीसमोर बसून एकेक गोळी नखाने उपटते. आई, नको ना! गोळी उपटली की तिच्यासोबत खालचे चांगले तंतूही अर्धे बाहेर येतात आणि पुढच्या धुण्यात तिथेच नवी गोळी तयार. गोळी उपटायची नसते, कापायची असते. सेलवर चालणारं लिंट रिमूव्हर मिळतं. जॅकेट टेबलावर सपाट पसरायचं, सुरकुती काढायची, न दाबता हलक्या हाताने फिरवायचं. तेही सारखं सारखं नाही, कारण प्रत्येक वेळी थोडी ऊबही त्या डब्यात कापून जाते.

धुणं इतकं सोपं आहे की राग त्याचाच जास्त येतो. चेन लावा, जॅकेट उलटं करा, म्हणजे घासायचंच असेल तर आतली बाजू घासली जाईल. जाळीची पिशवी असेल तर तिच्यात टाका. सोबत फक्त तसलेच कपडे, टॉवेल आणि जीन्स अजिबात नाहीत. पाणी थंड, फार तर 30 अंश. जेंटल सायकल, स्पिन 600 च्या आसपास किंवा त्याहून कमी. घरी सेमी ऑटोमॅटिक असेल तर तीन-चार मिनिटं पुरे, जॅकेट काही कोळशाच्या खाणीतून आलेलं नाही. साबण लिक्विड, दोन जॅकेटांना साधारण एक मोठा चमचा. बोअरच्या जड पाण्यात, तेही थंडीत, पावडर नीट विरघळत नाही. तिचे पांढरे कण तंतूंच्या मुळाशी अडकतात आणि कापड कडक लागतं. मग घरचे म्हणतात, ''कडक झालं, सॉफ्टनर टाक.''

सॉफ्टनर! या एका बाटलीने किती वाटोळं केलंय. फ्लीसचा सगळा गुण त्या केसाहून बारीक तंतूंमधल्या फटीत असतो. सॉफ्टनर तंतूंवर चिकट थर चढवतो, फटी बुजतात, घाम बाहेर खेचला जात नाही आणि जॅकेटचा लव दबून तेलकट लागतो. विजेचा चटका कमी बसतो हे खरं, पण त्यासाठी जॅकेटचं कामच बंद पाडायचं का?

हो, चटका. जानेवारीत नागपुरात दुपारी हवा कोरडीठाक. आमचे लोक जॅकेट सकाळी गच्चीवर टाकतात आणि सूर्य बुडल्यावर आठवण येते. पॉलिस्टर पाणी जवळपास धरतच नाही, वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. स्पिन झालेलं जॅकेट सावलीत, वाऱ्यावर काही तासांत वाळतं. त्यानंतरचं ऊन त्यात उरलासुरला ओलावाही ठेवत नाही, आणि ओलावा नसला की घासून तयार झालेली वीज जायला वाटच राहत नाही. मग रात्री अंधारात जॅकेट काढलं की चटचट ठिणग्या, केस उभे, आणि दाराच्या कडीला हात लावला की झटका. तीच वीज गच्चीवरची धूळही ओढून घेते, म्हणजे धुतलेलं जॅकेट धुळकट!

कॉलर नि मनगटाची पट्टी हाताला जेमतेम गार लागते, तेव्हाच दोरीवरून काढा आणि घरात हँगरवर टाका. आत सुती शर्ट घाला, नायलॉनचा टीशर्ट नाही. तरी चटचट झालीच तर आतून ओला हात फिरवा किंवा लोखंडी हँगर घासून घ्या. हे तात्पुरतं आहे, हवा कोरडी असेल तोवर पूर्ण सुटका नाहीच.

आणि आता लॉन्ड्रीवाल्याची पाळी. मागच्या वर्षी जॅकेट फक्त धुवायला दिलं होतं, लॉन्ड्रीवाल्याने प्रेमाने कडक इस्त्री करून दिलं! पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा चकचकीत, दबलेला डाग. वितळून बसलेला लव ब्रश मारून परत उभा राहत नाही. वर मला विचारतो, ''काहून भाऊ, किती मस्त चमकून राहिलं?'' मानेला टोचतं म्हणून ज्या लेबलची पट्टी सगळे कापून फेकतात, तिच्यावर इस्त्रीच्या चित्रावर फुली मारलेली असते हो! माझ्या जॅकेटची पट्टी अजून शाबूत होती. त्याने ती बोटाने बाजूला सारूनच इस्त्री फिरवली, आणि इस्त्रीचे पैसे वेगळे मागितले.